रकमेपुढच्या दोन रेघा

आईच्या ऑपरेशनच्या पावतीचा फोटो बाबांनी मोबाइलवर पाठवला तेव्हा मी बँकेत होते आणि माझ्यापुढे दुसऱ्याच कुणाचा तरी चेक दिव्याखाली पडलेला होता. जबलपूरच्या सिविल लाइंसमधल्या शाखेत क्लिअरिंगचं टेबल गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. चेक येतो, मी तो उजेडाकडे धरते, कागदाच्या पोटातली छुपी अक्षरं दिसतात का बघते, मग जांभळ्या दिव्याखाली सरकवते. खरा असेल तर बँकेचं चिन्ह चमकून वर येतं. कुणी रंगीत झेरॉक्स काढून आणली असेल तर नक्षीत लपवलेला ‘व्हॉइड’ शब्द ठळक उमटतो आणि बनवणाऱ्याची सगळी हुशारी उताणी पडते. मला या कामाचा गर्व आहे. होता म्हणू का? जाऊ दे, आहे.

हे काम मला बाबांनी शिकवलं. ते दुसऱ्या बँकेत होते, अशाच टेबलावर, आणि तेव्हा दिवाबिवा काही नव्हता. अधारतालच्या घरी जेवताना ते मला आणि आईला दिवसभरात पकडलेले चेक सांगायचे. शाई बघायची म्हणायचे. शिक्क्याची शाई कडेला जमते आणि मधे फिकट राहते, कारण रबर दाबलं की शाई बाजूला पळते. छापलेला शिक्का सगळीकडे सारखा असतो, आणि भिंगाखाली त्यात रंगाचे बारीक ठिपके दिसतात. आई म्हणायची, “अहो, वरण थंड होऊन राहिलं, त्याचे ठिपके मोजता काय आता?” बाबा हसायचे आणि जेवायला लागायचे.

आईच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. दोन जिने चढली की ओठ निळे पडायचे. नागपूरच्या एका इस्पितळाचे डॉक्टर महिन्यातून एकदा जबलपूरला येतात, इस्पितळाचं छोटं ऑफिस आमच्या बँकेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, झडप बदलावी लागेल, आणि यात दिरंगाई नको. ॲडव्हान्स भरला की तारीख मिळणार होती. मी म्हटलं, ऑनलाइन भरून टाकते. बाबांना ते पटलं नाही. “तुझ्या आईचं ऑपरेशन आहे बेटा, मी भरीन. काउंटरवर भरीन, पावती घेईन.” त्यांनी आपली मुदत ठेव मोडली. तीन लाख रुपये. माझं मन भरून आलं होतं तेव्हा, हे खरं सांगते.

मग आठवडा गेला. मी विचारलं, भरले का? भरतो म्हणाले. पुन्हा विचारलं, तर म्हणाले भरले, तारीख अठराची मिळाली. मला रजा टाकायची होती, नागपूरला आईजवळ कोण राहणार ते ठरवायचं होतं. मी म्हटलं, बाबा, पावतीचा फोटो पाठवा. चार दिवस रोज म्हटलं. शेवटी शेवटी मी चिडलेच. “तुम्ही काहून टाळून राहिले? एक फोटो काढायला काय होते?” माझा स्वभाव असा आहे, पाठीस लागले की लागले. पाचव्या दिवशी दुपारी फोटो आला.

मी तो सहज उघडला आणि मोठा करून पाहिला. माझी सवयच ती, लग्नाच्या आहेराचं पाकीटसुद्धा मी उजेडाला धरून बघते. पावती इस्पितळाचीच होती. फिकट हिरवा कागद, त्यावर लहरींसारख्या बारीक रेषांची नक्षी, खाली जांभळा गोल शिक्का. आणि त्या शिक्क्यावर माझी नजर अडकली. गोल डावीकडे कलला होता, त्यावरची अक्षरंही कलली होती, पण मधली तारीख अगदी सरळ होती. शिक्का एकच रबर असतो. कलला तर तारखेसकट कलतो.

मी फोटो आणखी मोठा केला. आकड्यांच्या मागे हिरव्या लहरी दिसतच नव्हत्या. तेवढा चौकोन पांढरट होता, आणि त्याच्या कडेला लहर जिथे पुन्हा सुरू होत होती तिथे ती केसभर खाली सरकलेली होती. कुणीतरी तिथला तुकडा पुसून, दुसरा बसवला होता. शिक्क्याचा रंगही कडेपासून मधेपर्यंत एकसारखा सपाट. आईच्या फाइलचे सगळे फोटो माझ्याकडे होते. दोन महिन्यांपूर्वीची नाव नोंदवल्याची जुनी पावती काढली आणि शेजारी ठेवून पाहिली. शिक्का त्याच जागी, तितकाच कललेला, आणि गोलाच्या उजव्या कडेला शाई न उमटलेली तीच फट. हाताने मारलेले दोन शिक्के कधीच असे जुळत नाहीत. जुन्या पावतीवरून ही नवी बनवली होती, एवढं मला कळलं.

आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, माझ्या म्हाताऱ्या बापाला कुणीतरी लुटलं. काउंटरवरच्या माणसाने तीन लाख खिशात घातले आणि हातात खोटा कागद दिला. तळपायाची आग मस्तकात गेली. मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, घरचं काम आहे, आणि पर्स उचलून निघाले. बाबांना फोन करून विचारायचं मला सुचलंच नाही. सुचलं असतं तरी केला नसता. म्हटलं, आधी त्या हरामखोराला धरते, मग घरी सांगते.

इस्पितळाच्या ऑफिसात काउंटरवर एक चाळिशीचा माणूस होता, चष्मा कपाळावर चढवलेला. मी काय काय बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटते. बाहेर बाकावर पेशंट बसले होते, त्यांच्यासमोर बोलले. “बुजुर्ग आदमी को ठगते हुए शर्म नहीं आई आपको?” तो बिचारा उभा राहिला. म्हणाला, दीदी, आप बैठिए, पहले देख लेते हैं. त्याने आईचं नाव कॉम्प्युटरवर शोधलं. नाव नोंदवलेलं होतं. ॲडव्हान्स काही नव्हता. अठरा तारखेला तर नव्हतंच, कुठल्याच तारखेला ऑपरेशन नव्हतं.

मग त्याने माझ्या फोनमधला फोटो नीट पाहिला आणि त्याचाही चेहरा उतरला. आपल्या ऑफिसच्या नावाने खोटी पावती निघाली, आता नोकरी जाते, असं त्याला वाटलं असणार. त्याने खरं पावतीपुस्तक काढून माझ्यासमोर उघडलं. मीच त्याला दाखवायला लागले, हे बघा, तारीख सरळ आहे, इथे नक्षी तुटली आहे. तो मान हलवत होता. “मैडम, ये तो पुलिस का केस है. मैं अभी साहब को फोन लगाता हूँ, आप लिखकर दे दीजिए.” मी म्हटलं, देते ना, आत्ता देते, कागद द्या. त्याने कोरा कागद दिला. मी आजची तारीख टाकली आणि लिहायला सुरुवातही केली.

तो अजून फोटोच बघत होता. “और ये देखिए,” तो म्हणाला, “रकम के आगे ये दो लकीरें. हमारे यहाँ कोई नहीं खींचता.”

मी पाहिलं. अक्षरी रक्कम लिहून झाल्यावर ‘ओन्ली’ लिहिलं होतं, आणि त्याच्यापुढे रकान्याच्या टोकापर्यंत दोन रेघा ओढल्या होत्या. पट्टीने. एकमेकींना समांतर, कुठेही न थरथरता.

माझ्या शाळेच्या फीच्या चेकवर त्या दोन रेघा असायच्या. दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत असायच्या. माझ्या लग्नात हॉलवाल्याला दिलेल्या चेकवर होत्या. बाबा पट्टी शोधायला उठायचे आणि आई म्हणायची, हाताने मारा ना, कोणता मोठा खजिना आहे. ते म्हणायचे, नाही, पुढे जागा सोडली की कुणीही काहीही लिहू शकते. मी इतका वेळ शिक्का बघत होते, शाई बघत होते, नक्षी बघत होते. अक्षराकडे पाहिलंच नव्हतं. त्यांनी अक्षर काउंटरवाल्यासारखं काढायचा प्रयत्न केला होता, तरी आता ते मला सरळ सरळ दिसत होतं.

माझा हात कागदावरच थांबला. त्या माणसाने विचारलं, क्या हुआ? मी म्हटलं, कुछ नहीं भैया, गलती हो गई. कागद चुरगाळून पर्समध्ये टाकला. ये फोटो किसी और चीज का है, मेरी गलती है, असं काहीतरी बरळले. त्याला ते पटलं नव्हतं. बावीस वर्षांत माझ्यासमोर कितीतरी जण असंच बरळले होते, आणि मी त्यांना बसवून ठेवून वर कळवलं होतं. त्याने पावतीपुस्तक बंद करून कपाटात ठेवलं. “माताजी को जल्दी दिखा दीजिए,” एवढंच म्हणाला. ज्या माणसाला मी दहा मिनिटं चारचौघांत चोर ठरवलं होतं त्याने मला सोडून दिलं.

अधारतालला पोहोचेपर्यंत मी काय विचार केला, आठवत नाही. ऑटोवाल्याला पैसे द्यायचेही राहिले होते, त्याने मागून हाक मारली. आई आतल्या खोलीत निजली होती, उशा लावून अर्धवट बसलेली, कारण आडवं झालं की तिचा श्वास अडायचा. बाबा बाहेर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मला अवेळी आलेली बघून त्यांनी पेपर खाली ठेवला, आणि त्यांच्या लक्षात आलं.

“कशावरून कळलं?” त्यांनी विचारलं.

काय झालं, पैसे कुठे गेले, हे मी विचारायला हवं होतं. त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. मी काय केलं? मी उभ्या उभ्या त्यांना एकेक चूक वाचून दाखवली. काउंटरच्या पलीकडच्या माणसाला सांगावं तसं, थंड आवाजात. शिक्का कललेला आणि तारीख सरळ. आकड्यांमागे नक्षी नाही. लहर जुळत नाही. शाई सपाट. जुन्या पावतीवरची फट जशीच्या तशी. ते प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते, बरोबर, बरोबर, जणू मी परीक्षा देत होते आणि पास होऊन राहिले होते. त्या हलणाऱ्या मानेचा मला इतका राग आला!

“आणि रेघा,” मी म्हटलं.

“कोणत्या रेघा?”

“रकमेच्या पुढे. पट्टीने मारलेल्या.”

ते गोंधळले. खरंच त्यांना कळलं नाही. “त्या तर माराच लागतात बेटा,” ते म्हणाले. “नाहीतर पुढे कुणी काही लिहिलं असतं तर?”

मग मी खाली बसले आणि रडले. तोंडावर पदर दाबून रडले, आत आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

पैसे फोनवरून गेले होते. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वर्दीतला एक माणूस आला, म्हणाला तुमच्या खात्यातून चोरीचा पैसा फिरला आहे, चौकशी होईपर्यंत रक्कम सरकारी खात्यात ठेवावी लागेल, कुणाशी बोलायचं नाही. बाबा फसले कारण तो म्हणाला, आप तो खुद बैंक वाले हैं, प्रक्रिया तो आप जानते ही हैं. एवढ्या एका वाक्यावर फसले. रिटायर होऊन इतकी वर्षं झाल्यावर कुणीतरी त्यांना बँकवाला म्हटलं होतं. ठेव मोडून आलेले तीन लाख दोन दिवस साध्या खात्यात होते, ते अर्ध्या तासात गेले.

“मला तेव्हाच काहून नाही सांगितलं? लगेच तक्रार केली असती तर पैसे अडवता आले असते काय माहीत!”

“कोणत्या तोंडाने सांगू?” ते म्हणाले. विजय नगरच्या ज्येष्ठ नागरिकांसमोर त्यांनी मागच्याच महिन्यात खोटे चेक आणि खोट्या पावत्या कशा ओळखाव्या यावर भाषण दिलं होतं. लोकांनी शाल दिली होती. झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसाला त्यांनी तेच सांगितलं, लोकांना शिकवायचं आहे, एक नमुना बनवून दे. त्याने हौसेने बनवून दिला, पैसेही घेतले नाहीत; रक्कम बाबांनी घरी हाताने लिहिली. कुठूनतरी पैशांची सोय होईल, मग खरी तारीख घेऊ, अठरा तारीख पुढे गेली असं तुम्हाला सांगू, असा त्यांचा बेत होता. सोय कुठून होणार होती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला कळेपर्यंत तीन आठवडे गेले होते.

मी दुसऱ्याच दिवशी माझी ठेव मोडली आणि भरली. त्याच काउंटरवर, त्याच माणसाकडे. त्याने शिक्का मारला, तो कलला, तारीख त्याच्यासोबत कलली. नागपूरची पुढची मोकळी तारीख महिन्यानंतरची होती.

मी माहेरी राहायला आले, आणि आईला आम्ही सांगितलं, डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत. एक दिवस मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा म्हणाली, “बाई, ह्यांना काही बोलू नको.”

“मी कुठं काय बोलली?”

“तू बोलत नाहीस, तेच म्हणून राहिली. बोलत जा त्यांच्याशी.” मग थोडा दम घेऊन म्हणाली, “रात्री उठून माझ्या नाकाशी हात धरून बघतात. मी जागीच असते.”

मी तरीही बोलले नाही. ताट वाढत होते, औषधं आणून देत होते, हो-नाही करत होते. माझा हेका. मला वाटलं, आई नागपूरहून बरी होऊन येऊ दे, मग राग आपोआप जाईल, मग बोलू. राग ठेवायला पुष्कळ वेळ आहे असं धरून चालले होते.

तारखेच्या नऊ दिवस आधी, सकाळी चहाचा कप हातात असतानाच आई गेली. मोठ्याने काही झालं नाही. बाबांनी हाक मारली, मी स्वयंपाकघरातून आले, तेव्हा कप अजून तिच्या मांडीवर कलंडायचा होता. नागपूरच्या डॉक्टरांना मी फोन केला. ते म्हणाले, आधी झालं असतं तर वाचल्या असत्या असं खात्रीनं सांगता येत नाही. चांगला माणूस. ते वाक्य मी बाबांना तीनदा सांगितलं, मोठ्याने, जवळ बसून. ते ऐकायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

तेराव्यानंतर महापालिकेच्या ऑफिसातून मी मृत्यूचा दाखला आणला. पेन्शनच्या कागदांतून आईचं नाव काढायला तो लागणार होता. बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, मग शिक्क्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

“हे तू बघ,” ते म्हणाले.

“काय बघू, बाबा?”

“शिक्का. मला ठीक नाही वाटून राहिला. मला आता काही समजत नाही, तूच बघ.” त्यांनी दाखला माझ्यापुढे धरला. “चूक असू शकते ना? असते कधी कधी.”

काउंटरपलीकडे उभी असलेली माणसं माझ्याकडे बघायची तसेच ते माझ्याकडे बघत होते. मी दाखला घेऊन खिडकीशी गेले. शाई कागदाच्या धाग्यांत उतरली होती, कडेला गडद, मधे फिकट. गोल जरा उजवीकडे कलला होता, तारीखही तितकीच कलली होती. सही शिक्क्यावरून गेली होती आणि पेनाचा दाब मागच्या बाजूने बोटाला लागत होता.

“खरा आहे, बाबा.”

“अजून एकदा बघ बेटा.”

मी अजून एकदा पाहिला.